बधिरपणा म्हणजे कैवल्य नव्हे

“वडील गेल्यापासून ‘मी साक्षी आहे, दुःख प्रकृतीचं आहे’ असं स्वतःला बजावतो. रडू थांबलं, पण आता कशातच काही वाटत नाही. पुरुष अलिप्त असतो म्हणतात. मग ही प्रगती समजू का?”

नाही. आणि हे मी सांख्यदर्शनाच्याच आधाराने सांगते आहे. त्यात पुरुष म्हणजे केवळ पाहणारं चैतन्य, आणि प्रकृती म्हणजे मन-शरीरासकट बाकी सगळं.

असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले होते (ओळख लपावी म्हणून तपशील बदलले आहेत). आईला व्हेंटिलेटर नको, या कागदावर त्यांनी सही केली होती. अपराधी वाटलं की ते म्हणत, “कर्ते प्रकृतीचे गुण आहेत, मी नाही.” पण त्या रात्रीचा विषय निघाला की त्यांचा आवाज सपाट व्हायचा, आणि मुलगी आजीसाठी रडली की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

मी विचारलं, “‘मी साक्षी आहे’ असं म्हणतंय कोण?” पुरुष काही म्हणत नाही, ठरवतही नाही. निश्चय करते बुद्धी, ‘मी, माझं’ म्हणतो अहंकार, आणि दोन्ही प्रकृतीतलीच. म्हणजे साक्षीपणाची ती घोषणासुद्धा बुद्धीचाच एक व्यापार होता, आणि तो दुःख झाकायला वापरला जात होता. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत तेराव्या कारिकेत जडपणा आणि झाकणं ही तम या गुणाची लक्षणं दिली आहेत. उजेड पाडणं हे सत्त्वाचं. पुरुष आणि प्रकृती वेगळे आहेत हा विवेक सात्त्विक बुद्धीत उगवतो. तो खरा असेल तर दुःख पुसट होत नाही, उलट बारकाईने दिसू लागतं. मी तरी हीच खूण धरते.

मग त्यांनी ती रात्र क्रमाने सांगितली. डॉक्टरांचा प्रश्न, भीती, न लागणारा भावाचा फोन, सही. आणि या सगळ्यावर मागाहून बसलेला शिक्का: “मी आईला मारलं.” भीती आणि शोक घडले होते, शिक्का अहंकाराचा होता. हा फरक दिसला तेव्हा ते खूप रडले.

रडण्याने साक्षीभाव मोडला, असं त्यांना वाटलं. पण पंचावन्नावी कारिका स्पष्ट म्हणते की सूक्ष्म शरीर आहे तोवर चेतन पुरुषाला दुःख भोगावंच लागतं. ज्ञान झाल्यावरही कुंभाराच्या चाकासारखं शरीर जुन्या वेगाने फिरत राहतं. पूर्ण कैवल्य, म्हणजे पुरुषाची दुःखातून कायमची सुटका, देह पडल्यावर. तोवर डोळ्यांना पाणी येणारच.

तुमची झोप, भूक बिघडली असेल, किंवा हा बधिरपणा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्याला सांख्याची आडकाठी नाही. पहिली कारिका लौकिक उपायांना निरुपयोगी म्हणत नाही. त्यांनी दुःख खात्रीने आणि कायमचं जात नाही, एवढंच तिचं म्हणणं आहे.