नानांचा अंगठा बँकेत चालतो का?

प्रश्न: आम्ही रावेर तालुक्यातले. माझे वडील, नाना, वय ७४, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलीय, बोलणं थोडं अडखळतं पण समजतं सगळं. राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांच्या एकट्याच्या नावावर बचत खातं आहे, केळीचे पैसे त्यातच पडलेत आणि दवाखान्याला पैसे हवेत. बँकवाले म्हणतात, त्यांना इथं आणा नाहीतर कोर्टाकडून पालक नेमून आणा. मेहुणे म्हणतात, स्लिपवर सही तूच मारून टाक. काय करू?

उत्तर: भाऊ, सगळ्यात आधी मेहुण्यांचा सल्ला सोडून द्या. पैसा नानांच्याच दवाखान्याला जाणार असला तरी दुसऱ्याची सही मारणं ही बनावट सहीच, आणि उद्या घरातल्याच कोणी तक्रार केली तर फौजदारी तुमच्यावर होते.

कोर्टाची गरज नाही, कारण नानांना समजतंय. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत 'सही'मध्ये खूण पण येते, हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्येच लिहिलंय. आणि आजारी, वृद्ध खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की अंगठा घ्यायचा, हाताचा जमत नसेल तर पायाचा, आणि तो ठसा त्यांचाच आहे असं दोन स्वतंत्र साक्षीदारांनी सांगायचं. दोघं बँकेच्या ओळखीचे हवेत आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा. खातेदार शाखेत येऊ शकत नाही अशांसाठीच ही सोय आहे, म्हणून नानांना खाटेवरून उचलून बँकेत न्यायचा हट्ट त्यात बसत नाही.

लोक चुकतात ते 'स्वतंत्र' या शब्दात. पैसे तुम्ही उचलणार, म्हणून तुम्ही साक्षीदार नको, तुमची बायको नको, मेहुणे तर नकोच. त्याच शाखेत खातं असलेला शेजारी किंवा गावातले गुरुजी घ्या, ज्यांना मॅनेजर ओळखतात आणि जे नानांना रोज बघतात. पुढं बहीण म्हणाली की दादाने नाना झोपेत असताना अंगठा उमटवला, तर कोर्टात उभा राहणारा माणूस हाच.

आता करायचं कसं ते सांगतो. शाखाधिकाऱ्याच्या नावाने अर्ज करा, नानांची अवस्था लिहा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा (त्यात 'रुग्णाला समजतं, शुद्धीवर आहे' हे वाक्य मागून घ्याच), आणि अधिकाऱ्याला घरी पाठवा अशी विनंती करा. अर्जाच्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या. सत्तरीपुढच्या आणि आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्यायला रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, तेही अर्जात लिहा.

अधिकारी आले की समजा ४०,००० काढायचेत, तर रक्कम आकड्यात आणि अक्षरात आधी भरायची, नानांना वाचून दाखवायची, त्यांनी होकार दिला की मगच डावा अंगठा. कोऱ्या स्लिपवर अंगठा कधीच घेऊ नका, एक नाही की अर्धा नाही. शाई पातळ लावायची, जास्त झाली तर रेषा बुजतात आणि नुसता काळा ठिपका उरतो, त्यावरून पुढं काहीच जुळवता येत नाही. खाली 'डाव्या हाताचा अंगठा' आणि नानांचं नाव, बाजूला दोन्ही साक्षीदारांच्या सह्या, नाव, पत्ता. पैसे कोण नेणार ते नानांनी बँकेला सांगायचं आणि नेणाऱ्याची सही बँकेने घ्यायची. हे नियमात अंगठाही उठत नाही अशा माणसासाठी लिहिलंय पण तुम्ही आत्ताच करून ठेवा.

पण दर वेळी अधिकारी घरी बोलावणं जमणार नाही, म्हणून त्याच फेरीत आईचं नाव जॉइंटमध्ये घालायचा फॉर्म पण भरून घ्या, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने. एकदा हे झालं की पुढचे पैसे आई स्वतःच्या सहीने काढेल. नॉमिनेशन पण बघून घ्या, अंगठ्याने नॉमिनेशन करायचं तर त्यालाही दोन साक्षीदार लागतात, आणि ते त्या दिवशी समोरच असतील.

मुखत्यारपत्राचं कोणी सुचवेल. ते अंगठ्याने होतं, पण नानांना समजेनासं झालं की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी हातातून जातं. आणि समजेनासं झाल्यावर घेतलेला अंगठा पण फुकाचा, साक्षीदार दहा असले तरी, तेव्हा मात्र कोर्टाकडून पालक नेमून घ्यावाच लागतो. दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही, म्हणून अर्ज याच आठवड्यात द्या.

बँकेने अर्ज मानला नाही, तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार द्या. ती फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर तक्रारीची आणि अर्जाची कॉपी जोडून cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाका. फी लागत नाही, वकील पण लागत नाही.