शेकडो अभिप्रायांतून तक्रारी आणि कौतुकाचे प्रमाण

कोल्हापुरात आमची खाणावळ आहे. ऑनलाइन आलेल्या ४०० अभिप्रायांत कोणत्या तक्रारी आणि कोणते कौतुक साधारण किती, हे कसे काढावे?

जुने-नवे मिसळून साठ अभिप्राय आधी नुसते वाचावेत आणि त्यांतूनच आठ-दहा मुद्द्यांची यादी करावी. यादी आधीच ठरवली, तर अपेक्षित तेवढेच दिसते. मग एक्सेलमध्ये प्रत्येक अभिप्रायाला एक ओळ व प्रत्येक मुद्द्याला एक स्तंभ देऊन, मुद्दा आला असेल तेथे १ लिहावा. एकाच ग्राहकाने उशिराबद्दल तीनदा लिहिले, तरी नोंद एकच. केवळ शब्द शोधून मोजू नये, कारण ‘तिखट’ हे आपल्याकडे तांबड्या रश्श्याचे कौतुक असते आणि बाहेरगावच्या पाहुण्याची बहुधा तक्रार. त्यासाठी दोन स्वतंत्र स्तंभच हवेत.

समजा, ८१ जणांनी रविवारी जागेसाठी ताटकळल्याचे लिहिले, तर ‘२०.२५ टक्के’ असा खोटा नेमकेपणा न दाखवता ‘पाचांपैकी सुमारे एक’ म्हणावे. त्यांतल्याच काहींनी रश्श्याची वाखाणणीही केली असेल, म्हणून सर्व टक्क्यांची बेरीज शंभराच्या पुढे गेली तरी ती चूक नव्हे. आठवड्याने चाळीस अभिप्राय जुन्या खुणा न पाहता पुन्हा तपासावेत. ज्या मुद्द्यावर खुणा वारंवार बदलतात, त्याची व्याख्या सैल आहे.