धर्मावरचा विनोद: 'भावना दुखावल्या' यापुढे निबंध कसा न्यावा

प्रश्न : "नीतिशास्त्राच्या निबंधासाठी धर्मावरचा उपहास हा विषय घेतलाय. 'भावना दुखावल्या' हे बंदीसाठी पुरेसं कारण नाही हे मला पटतं, पण मग मर्यादा कुठे येते हे नीट मांडता येत नाही. सुरुवात कुठून करू?"

एकच प्रकरण घ्या आणि ते शेवटपर्यंत तपासा. मी ऑस्ट्रियातलं इन्सब्रूकचं प्रकरण सुचवेन. १९८५ च्या मे महिन्यात तिथल्या ऑटो प्रेमिंगर संस्थेने आपल्या छोट्या चित्रपटगृहात एका चित्रपटाचे सहा खेळ ठरवले होते. चित्रपटाचा आधार होता ऑस्कर पानित्सा या लेखकाचं १८९४ मधलं नाटक. त्यात देव थकलेला म्हातारा आहे आणि माणसांना शिक्षा करण्यासाठी तो सैतानाची मदत घेतो. या नाटकापायी पानित्साला एक वर्षाचा तुरुंगवास झाला होता. आता तिथल्या कॅथलिक धर्मप्रांताने तक्रार केली आणि पहिल्या खेळाच्या आधीच चित्रपट जप्त झाला. १९९४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी जप्ती योग्य ठरवली.

हा निकाल मला चुकीचा वाटतो. का, ते जोएल फाइनबर्ग या तत्त्वज्ञाची मांडणी लावली की दिसतं. जॉन स्टुअर्ट मिलने बंधनासाठी दुसऱ्याची हानी ही अट घातली होती. फाइनबर्गने तिच्याशेजारी क्षोभाचं तत्त्व ठेवलं, पण त्याला तराजू जोडला. एका पारड्यात क्षोभ किती तीव्र आणि किती काळ टिकणारा, तो टाळणं किती सोपं होतं, माणूस स्वतःहून तिथे गेला होता का, हे सगळं. दुसऱ्या पारड्यात त्या अभिव्यक्तीचं मोल, बोलणाऱ्याचा हेतू आणि तेच दुसरीकडे दाखवण्याची सोय.

इन्सब्रूकमध्ये तिकीट काढून, सतरा वर्षांवरच्या प्रेक्षकांनीच आत जायचं होतं. आशय काय आहे ते संस्थेने जाहिरातीतच सांगितलं होतं. म्हणजे नकळत कुणाच्या डोळ्यांवर काही आदळणार नव्हतं. मग क्षोभ उरतो तो 'असा चित्रपट आपल्या गावात दाखवला जातोय' या माहितीचा. हा क्षोभ खोटा नसतो. ज्याच्यासाठी देव आईबापांपेक्षा जवळचा आहे त्याला ती माहितीही रात्रभर जागं ठेवू शकते, आणि निबंधात हे आदराने लिहा. पण बंदीला फक्त माहितीचा क्षोभ पुरेसा धरला, तर बंद दाराआडचं कुठलंही वाचन किंवा चर्चा थांबवता येईल, कारण तिची बातमी बाहेर जातेच. न्यायालयाने टिरोल प्रांतातले बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत यालाही वजन दिलं. यामुळे उलटाच परिणाम होतो: ज्या धर्मसंस्थेचं त्या प्रदेशात सर्वाधिक वजन, तिलाच टीकेपासून सर्वाधिक संरक्षण.

इथपर्यंत बरेच निबंध येतात आणि 'टाळता येत असेल तर चालेल' असं म्हणून थांबतात. ते अपुरं आहे. टाळता येणाऱ्या जागीही नैतिकदृष्ट्या वाईट विनोद होऊ शकतो. म्हणून दुसरा प्रश्न विचारा: विनोद नेमकं काय म्हणतोय? हसू बाजूला ठेवून त्याचं म्हणणं एका साध्या वाक्यात लिहा. 'देव इतका सामर्थ्यवान, तर त्याला सैतानाची गरज का?' ही श्रद्धेवरची टीका आहे. 'धर्मगुरू ज्याचा उपदेश करतात ते स्वतः पाळत नाहीत' ही वागण्यावरची टीका. पण वाक्य 'हे लोक जन्मजात घाणेरडे' असं निघालं, तर धर्म निमित्त आहे आणि नेम माणसांवर आहे. त्या माणसाने काय केलं, तो काय मानतो, याला तिथे किंमतच उरत नाही.

ही कसोटी नेहमी स्वच्छ उत्तर देत नाही. सप्टेंबर २००५ मध्ये एका डॅनिश दैनिकाने छापलेल्या व्यंगचित्रांपैकी एकात पैगंबरांच्या पगडीत बॉम्ब होता. त्यातून 'काही जण धर्माच्या नावाने हिंसा करतात' असंही वाक्य निघतं आणि 'या धर्माचा प्रत्येक माणूस संशयित' असंही. दोन्ही वाचनं प्रामाणिक असू शकतात. अशा वेळी मी पाहतो की ज्यांच्याकडे बोट आहे त्यांना त्या समाजात आधीच संशयाने वागवलं जातं का. तसं असेल तर दुसरं वाचन अधिक ठळक होतं आणि चित्रकाराची जबाबदारी वाढते. तरीही यातून टीका येते, बंदी नाही. 'हे काढायला नको होतं' आणि 'हे काढू द्यायला नको होतं' ही दोन वेगळी विधानं आहेत. निबंधात प्रत्येक परिच्छेदाशेजारी यातलं कोणतं सिद्ध करताय ते पेन्सिलीने लिहा. मी वाचलेल्या कमकुवत निबंधांत पहिल्याचा पुरावा देऊन दुसऱ्याचा निष्कर्ष काढलेला असतो.