वडिलांच्या पश्चात आलेल्या दुकानांचं भाडं एचयूएफमध्ये दाखवता येईल का?

प्रश्न: इंदूरला रामबागेत वडिलांनी स्वतः बांधलेलं घर आहे, खाली तीन दुकानं भाड्यानं दिली आहेत. वडील २०२२ मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं. आई, मी आणि लग्न झालेली बहीण असे वारस. माझा पगार ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जातो. बायको आणि मुलीसोबत हिंदू अविभक्त कुटुंब म्हणजे एचयूएफ काढून माझ्या वाट्याचं भाडं त्यात दाखवता येईल का? आणखी काय काय त्यात टाकता येतं?

उत्तर: तुमच्या वाट्याचं भाडं नाही दाखवता येणार. पण याच घरातून तुमच्या एचयूएफला पुढे कायदेशीर उत्पन्न मिळण्याची एक वाट आहे आणि ती आईच्या हिश्श्यातून जाते. मी इंदूरलाच करसल्लागाराचं काम करतो. हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण आधी पॅन काढून, बँकेत खातं उघडून मग येतात. पॅन आणि खातं सहज होतं. खरा प्रश्न एवढाच असतो की कुटुंबाकडे मिळकत आली कुठून.

आयकर कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंब ही वेगळी करदाती व्यक्ती आहे. तिला वेगळा पॅन, वेगळं रिटर्न आणि २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत वेगळी ४ लाखांची करमुक्त मर्यादा मिळते. पण उत्पन्न कुटुंबाचं ठरायला ज्या मिळकतीतून ते येतं ती कुटुंबाची असावी लागते. वडिलांकडून आलं म्हणजे वडिलोपार्जित, आणि म्हणून कुटुंबाचं, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. १९८६ साली चंदर सेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं: वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ नुसार मुलाकडे आली, तर ती त्याची वैयक्तिक मिळकत असते, त्याच्या कुटुंबाची नव्हे. तुमचा एक तृतीयांश हिस्सा असाच आला आहे.

मग भाडेकरूला नुसतं ‘यापुढे एचयूएफच्या खात्यात भरा’ असं सांगितलं तर? मिळकत स्वतःकडे ठेवून फक्त उत्पन्न दुसऱ्याकडे वळवलं, तर १९६१ च्या कायद्याच्या कलम ६० नुसार ते तुमचंच धरलं जातं. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. मी जुने क्रमांक देतोय, कारण न्यायालयांचे निकाल त्याच क्रमांकांनी सापडतात.) बरं, हिस्साच कुटुंबाच्या नावे केला तर? त्यासाठी कलम ६४(२) आहे. ३१ डिसेंबर १९६९ नंतर सदस्यानं स्वतःची मिळकत पुरेशा मोबदल्याशिवाय कुटुंबात घातली, तर तिचं उत्पन्न त्या सदस्याच्याच उत्पन्नात मिळवतात. म्हणजे मालकी जाते आणि कर मात्र तुमच्याकडेच राहतो. हा सौदा कुणी करू नये असं माझं ठाम मत आहे.

घर आजोबांचं असतं, ते १७ जून १९५६ च्या आधी वारले असते आणि घर तेव्हाच वडिलांकडे आलं असतं, तर उत्तर वेगळं निघालं असतं. जुन्या अविभक्त कुटुंबाच्या वाटणीत ते वडिलांना मिळालं असतं तरीही. तुमचं घर वडिलांनी स्वतः बांधलं आहे, पण प्लॉट कुणाचा होता ते जुन्या रजिस्ट्रीत एकदा पाहून घ्या.

आता आईचा हिस्सा. घराचं नामांतरण करताना आईनं तुमच्या नावे हक्कत्याग करून दिला आहे का, ते आधी बघा. दिला असेल तर ही वाट बंद झाली. नसेल तर तिचा एक तृतीयांश हिस्सा तिचा आहे आणि तो ती मृत्युपत्रानं तुमच्या एचयूएफला देऊ शकते. जिवंतपणी बक्षीस देऊ नये. विधवा आई मुलाच्या कुटुंबात सदस्य धरली जाते, त्यामुळे तिलाही ६४(२) लागतं. मृत्युपत्रानं आलेल्या मिळकतीवर बक्षिसाचा कर लागत नाही, आणि तिच्या माघारी ते उत्पन्न कुणाच्या नावावर परत मिळवण्याचाही प्रश्न उरत नाही.

इथे सगळं शब्दांवर ठरतं. ‘माझा हिस्सा माझ्या मुलाला’ असं लिहिलं की तो तुमचा वैयक्तिक होण्याकडेच झुकतो. देणाऱ्याचा हेतू काय होता हे पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५३ मध्येच मुरुगनाथ मुदलियार प्रकरणात सांगितलं आहे. म्हणून ‘माझ्या मुलाच्या हिंदू अविभक्त कुटुंबाला, त्या कुटुंबाची मिळकत म्हणून’ असं स्पष्ट लिहून घ्या.

फरक किती पडतो ते बघा. समजा तिन्ही दुकानांचं मिळून भाडं महिना ९०,००० आहे. आईचा हिस्सा ३०,०००, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. तिच्या वाट्याचा नगर निगमचा संपत्तिकर १०,००० वजा केला की ३,५०,००० राहतात. त्यातून ३० टक्के ठोक वजावट, १,०५,०००. करपात्र उरले २,४५,०००. हे तुमच्या नावावर आले तर सेससह ३१.२ टक्क्यांनी ७६,४४० रुपये कर. एचयूएफला दुसरं उत्पन्न नसेल तर ४ लाखांच्या आत म्हणून शून्य. आई आहे तोवर भाडं तिच्याच रिटर्नमध्ये राहू द्या. तिचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर रिबेटमुळे तिलाही कर नाही. हा रिबेट एचयूएफला मिळत नाही, हे लोक विसरतात. ४ लाखांच्या वर गेलं की एचयूएफला कर सुरू.

बाकी काय टाकता येतं? तुमचा पगार किंवा फी कधीच नाही. याच प्रश्नावरचा एक महत्त्वाचा निकाल आपल्या इंदूरच्याच घराण्याचा आहे. राजकुमारसिंह हुकमचंद हे आपल्या कुटुंबाचे कर्ते होते आणि कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टरही. तो मोबदला कुटुंबाचा की त्यांचा, यावर १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विचारलं, की पैसा कुटुंबाच्या गुंतवणुकीचं फळ आहे की माणसाच्या कामाचा मोबदला? कामाचा ठरला, म्हणून त्यांचा वैयक्तिक. उलट कुटुंबाच्या पैशातून घेतलेल्या शेअरचा लाभांश कुटुंबाचाच राहतो.

बक्षिसाचंही जपून करा. तुमच्या मामांनी तुम्हाला २ लाख दिले तर कर नाही, कारण मामा तुमचे नातेवाईक. तेच त्यांनी एचयूएफला दिले तर पूर्ण २ लाखांवर कर, कारण एचयूएफचे ‘नातेवाईक’ म्हणजे फक्त तिचे सदस्य. बाहेरच्यांकडून वर्षात सगळे मिळून ५०,००० पर्यंत चालतात, त्यावर गेलं की सगळी रक्कम करपात्र.

आणि मृत्युपत्र लिहायच्या आधी घरात सगळ्यांशी बोला. हिस्सा एकदा कुटुंबाचा झाला की मुलीचा त्यात जन्मानं तुमच्याइतकाच हक्क, लग्नानंतरही. ती वाटणी मागू शकते, आणि वाटणी झाली तर बायकोलाही हिस्सा मिळतो. ‘थोडं काढून घेतो, बाकी राहू दे’ हेही चालत नाही: १९७८ नंतरची अर्धवट वाटणी आयकर खातं मानत नाही. पूर्ण वाटणी करून कलम १७१ खाली अधिकाऱ्याचा आदेश मिळेपर्यंत कर कुटुंबावरच आकारला जातो.