‘मॅडम, तुम्हीच गाइड व्हा ना’

‘एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक हुशार मुलगी माझ्याकडेच प्रबंध करायचा म्हणून मागे लागली आहे. तासांचा भार इतका आहे की मला ते जमणार नाही, पण “नाही” म्हटलं की तिचं वाटोळं करतोय असं वाटतं. काय करू?’

हा प्रश्न घेऊन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात समाजशास्त्राच्या एक प्राध्यापिका माझ्याकडे आल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून स्टेपल केलेली पानं काढली. कोपरे दुमडलेले, पहिल्या पानावर चहाचा गोल डाग. एका दुसऱ्याच विद्यार्थ्याचं ते पहिलं प्रकरण होतं आणि एकोणीस दिवसांपासून पिशवीत फिरत होतं. त्या म्हणाल्या, ‘रोज घरी नेते, रोज परत आणते.’ तो मुलगा दोनदा विचारून गेला होता.

मी त्यांना कागद-पेन दिलं. नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं. विभागातली एक जागा रिकामी असल्याने त्या 22 घेत होत्या. हाताखाली आधीच पाच विद्यार्थी. एका विद्यार्थ्याला एका सत्रात किती वेळ लागतो, ते त्यांनीच मांडलं: दहा भेटी, प्रत्येकी अर्धा तास; चार प्रकरणं, प्रत्येक दोनदा वाचायचं, दर वाचनाला दोन तास; प्रश्नावली आणि तोंडी परीक्षेची तयारी धरून आणखी चार. म्हणजे पंचवीस तास. पाच जणांचे सव्वाशे, पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला आठ तासांहून जास्त. हे सगळं त्या रविवारी उरकत होत्या. सहाव्या विद्यार्थिनीला वेळ द्यायचा तो कुणाच्या तरी वाट्यातूनच जाणार होता, आणि तो कुणाचा, हे त्या डाग पडलेल्या पानांवर दिसतच होतं.

मग मी विचारलं, ‘तुम्ही तिला आतापर्यंत काय सांगितलंत?’ ‘बघू म्हणाले.’ कधी? तीन आठवड्यांपूर्वी.

माझ्या मते खरी चूक इथे होती. त्या मुलीचा विषय होता ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. टोळ्या कारखान्याच्या भागात येतात त्या साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. तिची कुटुंबं तेवढेच महिने फडावर भेटणार. आराखडा महिनाअखेर द्यायचा होता. ‘बघू’मध्ये आणखी महिना गेला असता, तर प्रश्नावली तयार होईपर्यंत अर्धा हंगाम संपला असता. वेळेवर मिळालेल्या नकाराने तिचं एवढं नुकसान झालं नसतं.

दुसरं कोण, यावर त्यांनी लगेच एका सहकाऱ्याचं नाव घेतलं. स्थलांतरावर पीएच.डी., हाताखाली दोनच विद्यार्थी. पण मुलीला नाव सांगण्याआधी तीन गोष्टी करायच्या असं आम्ही ठरवलं. त्या सरांना पदव्युत्तर शिकवण्याची मान्यता आहे ना, ते बघायचं. त्यांना स्वतः फोन करून विषय सांगायचा आणि होकार घ्यायचा. आणि विभागप्रमुखांच्या कानावर घालायचं, कारण गाइडची वाटणी शेवटी विभागातच ठरते. न विचारता नुसतं नाव दिलं की मुलं त्या दारातूनही परत येतात. असे दोघे-तिघे मी पाहिले आहेत.

एका गोष्टीवर आमचा थोडा वाद झाला. त्यांना म्हणायचं होतं, ‘सरांकडे कर, पण मी अधूनमधून बघेन.’ मी ते खोडून काढायला लावलं. दोघांकडून वाचून घेतलेल्या प्रबंधात एक म्हणतो मुलाखती वाढव, दुसरा म्हणतो आकडे वाढव, आणि पोर मधल्या मध्ये अडकतं. शिवाय ते ‘अधूनमधून’ पुन्हा रविवारीच येणार होतं. दोन संदर्भग्रंथ सुचवणं आणि ओळखीच्या साखरशाळेतल्या शिक्षकांशी गाठ घालून देणं, एवढं त्या नक्की करू शकत होत्या. तेवढंच कबूल करायचं ठरलं.

शेवटी बोलायचे शब्द असे झाले: ‘तुझा विषय मला आवडला आहे. पण माझ्याकडे आधीच पाच जण आहेत आणि तास 22, तुझी प्रकरणं माझ्याकडून वेळेत वाचून होणार नाहीत. सरांशी मी बोलले आहे, ते तुला गुरुवारी दोन वाजता भेटतील. एका पानात विषय, गाव आणि कुणाशी बोलणार ते लिहून ने.’ ‘सॉरी’ एकदाही नाही, घरच्या अडचणींची यादी नाही. कारणं वाढली की मुलं त्यावर तोडगे शोधायला लागतात.

आराखडा मंजूर झालेला असता किंवा काम अर्ध्यावर असतं, तर हा सल्ला मी दिला नसता. तेव्हा आधी विभागप्रमुखांकडे जाऊन तासच कमी करून मागायला हवेत.

मुलीचा चेहरा पडला, डोळेही भरले, असं मॅडमनी नंतर सांगितलं. गुरुवारी मात्र ती पान घेऊन सरांकडे गेली. त्याच रात्री मॅडमनी पिशवीतलं ते प्रकरण वाचून काढलं आणि शुक्रवारी सकाळी त्या मुलाच्या हातात दिलं.