कानबाईला घरी पोचल्यावर कोणाला आधी भेटायचं

चि. यास आशीर्वाद.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशात घरी कानबाई देवी बसते, तेव्हा पुण्या-सुरतेकडचे सगळे भाऊबंद गावातल्या घरी जमतात. तू संध्याकाळी पोचशील. तोवर ओटा माणसांनी भरलेला असेल, आत चूल पेटलेली असेल आणि अंगणात पोरांचा गलका चालू असेल. आधी कोणाच्या पाया पडू, असं विचारलंस. त्याहीआधी एक काम आहे.

ओट्याच्या पायरीशी थांब आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदाच म्हण, "राम राम मंडळी." हात जोडलेले असावेत, बॅग हातात नको. ह्या एका राम रामने ओट्यावरचा प्रत्येक जण भेटला गेला असं धरतात. हे न करता सरळ एकाच्या पायाशी वाकलास, तर उरलेले आपली पाळी मोजत बसतात आणि मधला एखादा सुटला की "मला ओलांडून गेला" हे दोन वर्षं ऐकावं लागतं. महानुभाव घरातली माणसं बसलेली असतील तर त्यांना "दंडवत प्रणाम" म्हण.

मग चपला काढ, पाय धू आणि आत कानबाईपुढे डोकं टेक. देवाआधी माणसांच्या पाया पडलास तर म्हातारी माणसंच मागे सारतात, "आधी मायना पाया पड."

आता पाया पडायचा क्रम. पिढी आधी, वय नंतर. समज, ओट्यावर पाच जण आहेत. पंच्याण्णव वर्षांचे आजोबा, सत्तरीची फुई म्हणजे आत्या, तिचे यजमान म्हणजे फुवा, अठ्ठेचाळीस वर्षांचे धाकटे काका आणि पंचावन्न वर्षांचा चुलतभाऊ, थोरल्या काकांचा मुलगा. आजोबा पहिले, ह्यात वाद नाही. त्यांच्यानंतर फुई-फुवा. फुई माहेरवाशीण आणि फुवा घरचे जावई, त्यांचा मान वयावर थांबत नाही. दोघं शेजारी असतील तर लागोपाठ वाक, एकाला सोडू नकोस. मग काका. चुलतभाऊ काकांपेक्षा सात वर्षांनी मोठा असला तरी काका वडिलांच्या पिढीतले, म्हणून ते आधी. पण तो तुझ्याहून वडील आहे, त्यामुळे त्याच्याही पाया पडायचं. इथे बरीच पोरं गडबडतात. पांढरे केस बघून भावाकडे आधी जातात, काका तोंडानं काही बोलत नाहीत, पण आशीर्वादाचा हात पाठीवर न पडता हवेतच राहतो. तेवढ्यावरून ओळखावं.

बसण्याची रांग उलटी असेल, म्हणजे पायरीजवळ चुलतभाऊ आणि आजोबा पार टोकाला, तर त्याला हातानंच "आलोच" अशी खूण कर आणि पुढे जा. मंडळी ते समजून घेतात.

तुझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तुझ्याहून लहान असला तरी जावई आहे. त्याच्या पाया पडायचं नाही, पण त्याला शेवटीही ठेवायचं नाही. काकांची फेरी झाली की "या पाव्हणे" म्हणून हात मिळव, मग भावाकडे वळ. याही-याहीन म्हणजे व्याही-विहीण आलेले असतील तर त्यांना काकांच्याही आधी घे. ते परक्या घरात बसलेले असतात, म्हणून डावललेलं त्यांना लवकर लागतं.

स्वयंपाकघरात वेगळा हिशेब. तिथं कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं काम सोवळ्यात चालतं, खापरावर मांडे पडत असतात. आजी असो की काकी, हात पिठात असेल तर उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार कर, पायाला हात लावू नकोस. रोट उतरल्यावर आजी बाहेर येईल, तेव्हा वाक. वयाने तुझ्याहून लहान असलेली काकीही काकीच. ती संकोचून पाय ओढून घेईल. हट्ट करू नकोस, वाकलेलं पुरतं.

कोणी जेवायला बसलेलं असेल किंवा आडवं झालेलं असेल तर पाया पडू नये. निजलेल्याच्या पाया पडणं अशुभ मानतात, ते उठून बसले की पड. एखाद्या घरी सुतक असेल तर त्यांना नुसतं "कसे आहात" विचार, नमस्कार नको.

दूरचे आजोबा हमखास विचारतील, "कोना पोऱ्या शे?" नुसतं तुझं नाव सांगून उपयोग नाही, ते त्यांना माहीत नसतं. वडिलांचं घरातलं नाव सांग, नाना, जिभाऊ जे असेल ते, आणि मग आजोबांचं. लगेच पत्ता लागतो.

पोरांना सगळ्यात शेवटी भेट, पण खाऊ त्यांच्या आयांसमोर उघड. पुडा एका पोराच्या हातात देऊन मोकळा झालास, की अंगणात लगेच भांडण.