फ्रोजन मटार: उकळायचे की परतायचे?

प्रश्न: फ्रोजन मटार आणि मिक्स भाज्या फ्रीजरमधून काढून थेट शिजवल्या तर चालतात का? उकळायला किती वेळ लागतो आणि परतायला किती? माझी भाजी दरवेळी पाणीपाणी होते आणि पुलावातले मटार सुरकुततात.

उत्तर: थेटच टाका. बाहेर काढून ठेवलेत तर बर्फ वितळून पाकिटाच्या तळाशी पाणी साठतं आणि दाणे मऊ पडतात. शिवाय हे मटार पूर्ण कच्चे नसतात. गोठवण्याआधी कारखान्यात ते उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून थोडा वेळ काढलेले असतात, म्हणजे रंग आणि चव टिकते. त्यामुळे ताज्या मटाराचा वेळ यांना लावला की लगदा ठरलेला.

उकळायचे असतील तर वाटीभर मटाराला निदान चार-पाच वाट्या पाणी घ्या. खळखळून उकळी आली की मटार टाका, उकळी बसेल. ती परत आल्यावर घड्याळ बघा: नुसत्या मटाराला दोन-तीन मिनिटं, मिक्स भाज्यांना चार-पाच. मिक्समध्ये गाजर आणि फरसबी मागे राहतात, म्हणून मटार चाखून अंदाज बांधू नका, गाजराचा तुकडा चमच्याने दाबून पाहा. पाणी कमी घेतलं तर उकळी परत यायलाच वेळ लागतो आणि तोवर दाणे कोमट पाण्यात फुगत बसतात.

सुरकुत्यांचं म्हणाल तर त्या बहुतेक वेळा गॅस बंद केल्यानंतर पडतात. गरम दाणे चाळणीत उपसून उघड्यावर ठेवले की आतली वाफ निघून जाते आणि साल आक्रसते. लगेच वापरायचे नसतील तर उपसल्याबरोबर गार पाण्यात टाका, पाच मिनिटांनी निथळा.

परतण्यात मात्र लोक फसतात, आणि मीही बरीच वर्षं फसले. मटाराच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पाणी असतं आणि आत्ता ते बर्फ आहे. शून्य अंशावरचा बर्फ नुसता वितळायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत तेवढंच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापतं. म्हणजे कढईची बरीचशी उष्णता आधी बर्फ वितळवण्यातच खर्च होते. अख्खं अर्धा किलोचं पाकीट छोट्या कढईत ओतलंत की तळ थंड पडतो, सुटलेलं पाणी उडून जाऊ शकत नाही आणि भाजी परतली न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजते.

म्हणून रुंद कढई किंवा लोखंडी तवा घ्या, आच मोठी ठेवा, तेल चांगलं तापू द्या. दाणे एका थरात मावतील एवढेच टाका, साधारण दीड वाटी. झाकण नको, मीठही आत्ता नको, मीठ घातलं की पाणी आणखी सुटतं. पहिलं मिनिटभर हलवू नका. आणि कान द्या: सुरुवातीला फुसफुस आणि बुडबुडे ऐकू येतात, म्हणजे अजून पाणी आहे. ते आटलं की आवाज बदलून कोरडा चरचर होतो. परतणं खरं तिथून सुरू होतं. माझ्या गॅसवर मटाराला एकूण चार-पाच मिनिटं, मिक्स भाज्यांना सात-आठ मिनिटं लागतात. तुमची कढई जाड असेल तर मिनिटभर इकडेतिकडे. एखाद्या दाण्यावर तपकिरी ठिपका दिसला की मीठ घालून उतरवा. लिंबू किंवा टोमॅटो शेवटी, आंबटपणाने हिरवा रंग पिवळट-खाकी होतो.

मग कुठे काय? पुलाव, उपमा, कोरडी भाजी यांना परतलेले बरे. पॅटिस किंवा पराठ्याच्या सारणाला उकळलेले, कारण ते ठेचायचेच असतात. रश्शात दोन्हीची गरज नाही, शेवटच्या पाच मिनिटांत तसेच घाला आणि रस्सा पुन्हा उकळू द्या.

तुमचा पुलाव बहुधा कुकरचा असणार. तांदळाबरोबर मटार घालून शिट्ट्या काढल्या की ते सुरकुतणारच. गाजर-फरसबी हवी तर तांदळाबरोबर घाला. मटार वेगळे परतून, कुकर उघडल्यावर भातात हलक्या हाताने मिसळा आणि झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ धरू द्या.

पाकीट हातात घेतल्यावर दाणे सुटे खुळखुळायला हवेत. थोडे चिकटलेले असतील तर ओट्यावर आपटून सुटतात. अख्खा गठ्ठा दगडासारखा झाला असेल तर तो मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलाय, असं पाकीट मी दुकानातच परत ठेवते. आणि मका असलेलं मिक्स न शिजवता सॅलडमध्ये घालू नका. 2018 मध्ये युरोपात गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरियाची बाधा पसरली होती. हा जंतू थंडीत मरत नाही, नीट शिजवल्यावर मरतो.

हिवाळ्यात घरी सोलून, न उकळता तसेच डब्यात गोठवलेले मटार असतील तर वरचे आकडे विसरा. ते कच्चेच आहेत, उकळायला सहा-सात मिनिटं धरा आणि चाखून पाहा, जून दाण्याला त्याहून जास्त लागतील.